राजीनाम्यातली तारीख

समजा, परभणीतल्या एका सरकारी बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या मुलीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये डेटा सायन्सच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ, म्हणजे नोकरी सांभाळून करण्याचा प्रश्नच नाही. वर्ग 3 ऑगस्टपासून. घरच्यांची समजूत काढून झाल्यावर ती रात्री राजीनामा लिहायला बसते आणि दोन पानं भरते. शाळेपासूनची गणिताची गोडी, मॅनेजरसाहेबांचे उपकार, सगळं त्यात येतं. नेमकी शेवटच्या दिवसाची तारीख तेवढी राहून जाते.

बँकेला हवी असते ती तारीखच. कायम झालेल्या लिपिकाने सोडण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, हा नियम 1953च्या शास्त्री निवाड्यापासून चालत आला आहे. (अधिकाऱ्यांना सहसा तीन महिने थांबावं लागतं.) 1 जुलैला पत्र दिलं तर 31 जुलैला ती मोकळी. 10 जुलैला दिलं, तर महिना भरेपर्यंत चेन्नईत वर्ग सुरू झालेले. मग कमी पडलेल्या दिवसांचा पगार भरा, नाहीतर सूट मागत वरच्या ऑफिसात खेटे घाला.

म्हणून पत्र चार ओळींचं पुरे: ‘पूर्णवेळ शिक्षणासाठी मी राजीनामा देत आहे. नोटिशीची मुदत आजपासून, 1 जुलैपासून मोजावी. 31 जुलै रोजी कामकाज संपल्यावर मला सेवामुक्त करावे व तसे पत्र द्यावे.’ खाली नाव, कर्मचारी क्रमांक, सही. ‘बिनपगारी रजा मंजूर न झाल्यास हाच राजीनामा समजावा’ असली जोडओळ मात्र नको. अशा पत्राचं काय करायचं, हे कोणालाच कळत नाही आणि फाइल पडून राहते. रजा मागायची तर तिचा अर्ज वेगळा आणि आधी.

पुढची तारीख घालण्यात आणखी एक सोय आहे. ती तारीख उजाडेपर्यंत राजीनामा मागे घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978मध्ये एका न्यायाधीशाच्याच प्रकरणात म्हटलं. बँकेचे सेवानियम वेगळं सांगत नसतील, तर तेच तत्त्व इथेही लागू पडतं. शिष्यवृत्ती ऐनवेळी हुकली तर ही सोय उपयोगी पडते. ‘तत्काळ’ लिहून ते मंजूर झालं, की तो दरवाजा बंद.

पैशाचा हिशोब पत्रात नको, पण पत्र देण्याआधी व्हायला हवा. तिची नोकरी साडेतीन वर्षांची. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, त्यामुळे ती मिळणार नाही. एनपीएसचं खातं तिच्याच नावावर चालू राहतं. स्कूटरसाठी स्टाफ लोन घेतलं असेल, तर ते फेडावं लागेल किंवा सवलतीचा व्याजदर जाईल. ‘नो ड्यूज’ बहुधा तिथेच अडतं.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक शाखेत द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.