रात्री दोनचा फोन

प्रसंग कल्पित आहे, पण कुठल्याही जिल्हा रुग्णालयातल्या सर्जिकल वॉर्डात घडू शकेल असा. नाइट ड्युटीला नुकतीच नोकरीला लागलेली सिस्टर. खाटेवर ६२ वर्षांचे आजोबा. आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस.

बारा वाजता सगळं ठीक होतं: नाडी ९४, श्वास मिनिटाला १८, बीपी ११८. दोन वाजता आजोबा नुसतेच कूस बदलत होते. नाडी ११२, बीपी १०४, ताप १००.८, ऑक्सिजन ९४. तिने पूर्ण मिनिटभर श्वास मोजला, तो २४ भरला. (अनेक चार्टांवर हा आकडा अंदाजानेच लिहिलेला असतो, आणि तब्येत ढासळताना बहुतेकदा तोच आधी हलतो.) दोन तासांत लघवी जेमतेम ४० मिली.

तिने निवासी डॉक्टरांना फोन लावला. "सर, आजोबांना बरं वाटत नाहीये. थोडा ताप आहे."

"पॅरासिटामॉल द्या. सकाळी राउंडला बघतो."

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांना ऐकू आला तो फक्त ताप.

ती मोठ्या सिस्टरांकडे गेली. त्यांनी चार्ट पाहून ‘न्यूज’ तक्त्याप्रमाणे गुण मांडले. २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणलेल्या या पद्धतीत प्रत्येक आकडा जितका बिघडलेला तितके गुण जास्त. श्वासाचे २, नाडीचे २, बीपी, ताप आणि ऑक्सिजनचा प्रत्येकी १. एकूण ७, बारा वाजता होता १. सातला तातडीने डॉक्टर बोलवायचे असतात.

"आता पुन्हा फोन कर. काय चाललंय, आधी काय झालंय, तुला काय वाटतं, काय हवंय, याच क्रमाने बोल."

"सर, खाट नंबर आठ. दोन तासांत न्यूज १ वरून ७ झालाय. आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. श्वास २४, नाडी ११२, बीपी १०४, लघवी कमी. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. किती मिनिटांत येताय?"

"दहा."

"दहा मिनिटांत. तोवर सलाइन आणि ब्लड कल्चरची तयारी ठेवते."

डॉक्टर आले नसते, तर पुढचा फोन थेट वरिष्ठ सर्जनना जाणार होता. मोठ्या सिस्टरांनी नंबर काढूनच ठेवला होता. पण डॉक्टर वेळेत आले. पोट कडक लागलं. कल्चरसाठी रक्त घेतलं, सलाइन आणि अँटिबायोटिक तासाच्या आत सुरू झालं, सर्जनना कळवलं. टाके सुटून आतड्यातला मजकूर पोटात झिरपत होता. पहाटे आजोबा पुन्हा थिएटरात गेले.

नोट्समध्ये तिने दोन्ही फोनच्या वेळा, डॉक्टरांचं नाव, सांगितलेले आकडे आणि मिळालेलं उत्तर लिहिलं. विद्यार्थिनींनी एक ध्यानात ठेवावं: न्यूजचा तक्ता गरोदर स्त्रियांना आणि १६ वर्षांखालील मुलांना लावायचा नसतो.