४५ अंश हे उत्तर अपुरं आहे

रक्ताचा स्मिअर काढताना स्प्रेडर किती अंशात धरायचा, असं विचारलं तर डीएमएलटीचे बहुतेक विद्यार्थी एकच आकडा सांगतात. कुणी ३० म्हणतो, कुणी ४५. दोन्ही आकडे पुस्तकात आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. गैरसमज आहे तो हा की, एकदा कोन पाठ झाला म्हणजे तो प्रत्येक रक्ताला चालतो.

कोनाचं काम समजून घ्यायचं तर आधी आणखी एक समजूत सोडावी लागते. स्प्रेडर रक्ताला पुढे ढकलतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात रक्त स्प्रेडरच्या मागे असतं. स्लाइडच्या एका टोकापासून साधारण १ सेंमीवर दोन-तीन मिमी व्यासाचा थेंब ठेवायचा. स्प्रेडर थेंबाच्या पुढे टेकवून मागे आणायचा. तो थेंबाला टेकला की रक्त कडेच्या रेषेत दोन्ही बाजूंना आपोआप पसरतं. मग स्प्रेडर पुढे न्यायचा, तसं रक्त त्याच्यामागे ओढलं जातं. स्प्रेडर आणि स्लाइड यांच्यामधल्या चिंचोळ्या कोपऱ्यात रक्त साठलेलं असतं. पुढे जाताना ते थोडं थोडं मागे राहतं आणि शेवटी संपतं. ते संपता संपता जो विरळ, पारदर्शक शेवट तयार होतो, तीच फेदर एज. म्हणून ही कड हात उचलून तयार करता येत नाही. मध्येच स्प्रेडर उचलला तर शेवटी जाड काळपट रेघ उरते, कड नाही.

आता कोन. स्प्रेडर उभा धरला की थर जाड आणि आखूड होतो, आडवा धरला की पातळ आणि लांब. हाताचा वेगही असाच बोलतो: भरभर ओढलं तर जाड, सावकाश ओढलं तर पातळ. तिसरी गोष्ट रक्त स्वतः. पीसीव्ही कमी असेल तर रक्त पातळ असतं, ते लांबवर धावतं. जास्त असेल तर दाट असतं, जागीच थबकतं. म्हणजे कोन हा रक्ताच्या दाटपणाला दिलेला तोल आहे. पंडुरोगाच्या रक्ताला कोन वाढवायचा आणि हात थोडा जलद ठेवायचा. नवजात बाळाच्या किंवा पॉलिसायथेमियाच्या रक्ताला कोन कमी करून हात संथ ठेवायचा. दोन्ही आकडे बरोबर आहेत ते याच कारणाने.

एक उदाहरण घेऊ. एका बाईचं हिमोग्लोबिन ५.८, पीसीव्ही १९ आणि एमसीव्ही ६२ आलं आहे. टेक्निशियनने सवयीने ३० अंशात सावकाश स्मिअर ओढला. थर पार स्लाइडच्या टोकापर्यंत गेला, कड तयारच झाली नाही. स्टेन करून पाहिलं तर तांबड्या पेशी एकमेकींपासून दूर, चपट्या, एकसारख्या गडद आणि मध्यभागी फिकटपणा नसलेल्या. नवखा डोळा इथे स्फेरोसाइट लिहून मोकळा होईल. मग डॉक्टरांच्या मनात रक्त फुटण्याच्या आजाराची शंका येईल, कूम्ब्स टेस्ट सांगितली जाईल. पण सेल काउंटर काय सांगतोय? एमसीव्ही ६२, म्हणजे पेशी लहान, आणि एमसीएचही कमी. असं चित्र लोहाच्या कमतरतेत मिळतं. त्यात पेशी फिकट दिसायला हव्यात, गडद नव्हेत. यंत्र आणि स्लाइड यांचं जमत नाही, तेव्हा आधी स्लाइडवर संशय घ्यावा.

त्याच ट्यूबमधून दुसरी स्लाइड काढली. या वेळी कोन ४५ च्या जवळ, हात एका दमात आणि जरा जलद. थर स्लाइडच्या निम्म्याहून थोडा पुढे जाऊन थांबला, शेवटी स्वच्छ कड आली. कडेच्या अलीकडे पाहिल्यावर पातळ रिंगणासारख्या फिकट पेशी आणि मधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट पेशी दिसल्या. स्फेरोसाइट कुठेच नव्हते. रक्त तेच होतं, कोन आणि वेग तेवढे बदलले होते.

कोनमापक कुणी हातात घेऊन बसत नाही, तरी अंदाज सहज घेता येतो. नेहमीची स्लाइड ७५ मिमी लांब असते. तीच स्प्रेडर म्हणून धरली, तर ३० अंशाला तिचं वरचं टोक खालच्या स्लाइडपासून साधारण ३७ ते ३८ मिमी उंच असतं आणि ४५ अंशाला ५३ मिमी. एकदा पट्टी उभी धरून हे बघून ठेवलं की हाताला आठवण राहते.

दाब देऊन थर पातळ करण्याचा नाद मात्र सोडावा. दाबाने पांढऱ्या पेशी फुटतात आणि कडेकडे ओढल्या जातात.

आणि ती कड वाचायची जागा नव्हे

सुंदर कड आली की लेन्स तिथेच लावायची, ही समजूत फार पसरलेली आहे. कडेला थर इतका पातळ असतो की निरोगी पेशीही चपट्या होऊन मधला फिकटपणा गमावतात. वाचायची जागा कडेच्या लगेच अलीकडे असते. तिथे तांबड्या पेशी एका थरात असतात, काही एकमेकींना जेमतेम टेकतात आणि मधला फिकटपणा स्पष्ट दिसतो. आणखी मागे, थेंबाच्या बाजूला गेलं की पेशी एकमेकींवर चढतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या रूलोचा खोटा आभास होतो.

तरीही कड बघायची असते, पण आधी कमी पॉवरने आणि वेगळ्या कामासाठी. प्लेटलेटचे पुंजके, मोठ्या पांढऱ्या पेशी, ब्लास्ट, क्वचित मायक्रोफायलेरिया हे सगळं ओढलं जाऊन कडेला आणि बाजूंना जमतं. यंत्राने प्लेटलेट ४०,००० दाखवले, रुग्णाला रक्तस्रावाचं काहीच लक्षण नाही आणि कडेला पुंजके आहेत, तर तो आकडा खोटा असू शकतो. ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या मोजत नाही. अशा वेळी सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नवा नमुना घेऊन मोजणी करतात आणि सायट्रेटने रक्त पातळ होतं म्हणून आकड्याला १.१ ने गुणतात. ही कड न पाहता चाळीस हजारांचा रिपोर्ट गेला, तर रुग्णाच्या घरी काय धावपळ उडते याची कल्पना करावी.

चांगली कड ओळखायची ती स्टेन करण्याआधीच, स्लाइड वाळल्यावर उजेडात तिरपी धरून. थराने स्लाइडची निम्म्याहून जास्त लांबी व्यापावी, दोन्ही बाजूंना थोडी काच मोकळी राहावी. जाडी हळूहळू कमी होत जावी आणि शेवट किंचित गोलसर व अखंड असावा. त्या पातळ शेवटावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. शेवटी दाणेदार शेपट्या सुटल्या असतील तर स्प्रेडरची कड फुटकी किंवा धुळीची आहे, आणि त्या शेपट्यांत पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. आडव्या लाटा दिसल्या तर हात मध्ये अडखळला. गोल छिद्रं दिसली तर बहुधा काच तेलकट आहे.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत थर हळू वाळतो, मग पेशींमध्ये चमकदार गोल खळगे दिसतात, जे परजीवी समजले जाऊ शकतात. स्मिअर ओढताच पंख्याखाली वाळवा, आणि मिथेनॉलची बाटली उघडी ठेवू नका, ते हवेतलं पाणी शोषतं.

कड नाही आली तर ती स्लाइड स्टेन करू नका. ट्यूबमधलं रक्त दोन-तीन तास तरी स्मिअरसाठी चांगलं असतं. कोन बदलून दुसरी स्लाइड काढा.