घरबसल्या कामाचा बाजार: कामानंतरचे तारे

समजा, धारूरच्या एका सीताफळ उत्पादकाने गराच्या डब्यासाठी लेबल करून घेतलं. काम दिलं अंबाजोगाईच्या एका डिझायनरला, 'अपवर्क' या संकेतस्थळावरून. फाइल 20 सप्टेंबरला मिळायची ठरली होती, ती 24 ला मिळाली. आता कामाचा करार बंद करताना संवाद, वेळ आणि दर्जा यांना पाचपैकी तारे द्यायचे आहेत. चार दिवस उशीर झाला म्हणून सगळीकडे तीन ठोकून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नये.

आधी निरोपांच्या तारखा पाहाव्यात. लेबलवर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक छापावाच लागतो. तो 12 तारखेला द्यायचं ठरलं होतं, उत्पादकाने दिला 16 ला. म्हणजे चार दिवस त्याच्याच बाजूने गेले. वेळेचे पाचही तारे डिझायनरचे. पण 18 ला विचारलेल्या प्रश्नाला तिचं उत्तर आलं 20 च्या संध्याकाळी, आणि मुदत पुढे जाणार हे तिने तेव्हाच सांगितलं. तोवर छापखान्याचा दिवस ठरून गेला होता. उशीर तिचा नाही, तो वेळेत न कळवणं मात्र तिचं. म्हणून संवादाला तीन.

दर्जा पडद्यावर बघून ठरवता येत नाही. पहिली फाइल पडद्याच्या रंगांत होती. छपाईला लागणाऱ्या चार रंगांत ती नसल्याने सीताफळाचा हिरवा मळकट उतरेल, असं सांगून छापखान्याने परत पाठवली. तिने त्याच दिवशी, कापणीसाठी कडेला तीन मिलिमीटर जास्तीची जागा ठेवून, नवी दिली. मूळ चूक खरी, दुरुस्तीही तितकीच तत्पर. चार तारे द्यावेत. लेबल मनासारखं हिरवं नाही, ही तक्रार असेल आणि हवी ती छटा आपण आधी सांगितलीच नसेल, तर तारा कापायचा अधिकार आपल्याला नाही.

शेऱ्यात 'छान काम' लिहून पुढच्या ग्राहकाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहावं: 'छपाईची फाइल एका दुरुस्तीनंतर बिनचूक मिळाली. मजकूर आमच्याकडून उशिरा गेला. मधले दोन दिवस उत्तर आलं नाही.'

अपवर्कवर करार संपल्यापासून 14 दिवसांत अभिप्राय द्यावा लागतो. दोघांनी दिल्याशिवाय किंवा ती मुदत सरल्याशिवाय एकाचा दुसऱ्याला दिसत नाही, त्यामुळे उट्टं काढायची भीती कमी होते. याशिवाय एक खासगी प्रश्नही असतो: हिला दुसऱ्यांना सुचवाल का? हे उत्तर तिला दिसत नाही, पण प्रोफाइलवरच्या यशाच्या टक्केवारीत धरलं जातं. उघडपणे पाच तारे देऊन इथे गुपचूप कमी गुण देणारे पुष्कळ आहेत. तिची टक्केवारी घसरते आणि का घसरली हे तिला कळायला मार्गच राहत नाही. उत्तर न मिळालेल्या त्या दोन दिवसांबद्दल उघड शेऱ्यात लिहिलं, तर निदान पुढच्या कामात मुदत हलतेय हे ती आधी कळवू शकेल.