मुलाखतीनंतरच्या चार ओळी

मुलाखत आटोपून उमेदवार घरी पोचेपर्यंत तिकडे त्याच्याबद्दलचा अभिप्राय लिहायला सुरुवात झालेली असते. बऱ्याच खासगी कंपन्यांत मुलाखत घेणारे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपलं मत एचआरला कळवतात. आभाराचा मेल २४ तासांच्या आत पाठवा असं सांगतात ते यासाठीच. निर्णय झाल्यावर आलेल्या मेलमधून सौजन्य तेवढं दिसतं.

समजा, चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी एक तरुणी मुलाखतीला गेली. बोलता बोलता मॅनेजर म्हणाले, ‘‘पुरवठादाराकडून येणाऱ्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल फार निघतात.’’ असंच काम तिने आधीच्या नोकरीत केलं होतं, पण तिथे तिला ते नीट सांगता आलं नाही. संध्याकाळी तिने लिहिलेल्या मेलचा आशय असा:

‘‘आज वेळ दिल्याबद्दल आभार. ब्लोहोलचा जो प्रश्न आपण सांगितलात, तसाच प्रश्न आमच्याकडे पंपाच्या बॉडीबाबत होता. माल आमच्या गेटवर येण्याआधी पुरवठादाराकडेच प्रत्येक लॉटमधले काही नग कापून तपासायची पद्धत मी सुरू केली. त्यामुळे खराब लॉट तिथेच थांबू लागले. ही जबाबदारी घ्यायला मला आवडेल. नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे.’’

यात आभार एका वाक्यात उरकले आहेत. बाकी सगळा भर मॅनेजरांनी स्वतः बोलून दाखवलेल्या अडचणीवर आहे, आणि तिथे राहून गेलेलं उत्तरही भरून निघालं आहे. मात्र असा मुद्दा एकच घ्यावा. चुकलेल्या प्रत्येक उत्तराचा खुलासा करत बसलं की मेल लांबतो आणि वाचणाऱ्याचं लक्ष नेमकं त्या चुकांकडे जातं. पगाराची चौकशीही इथे नको.

विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख असली की मेल चटकन सापडतो. मुलाखत घेणाऱ्यांचा पत्ता नसेल, तर एचआरला मेल करून तो पुढे पाठवण्याची विनंती करावी. पॅनेलमध्ये तिघं असतील तर तिघांना एकच मजकूर नको. ते आपसात मेल दाखवतात. ज्याने जे विचारलं, त्याला त्यावरचं एक वाक्य लिहावं. जुना मेल कॉपी करताना आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहून जातं, म्हणून पाठवण्यापूर्वी नावं एकदा मोठ्याने वाचावीत.

धंद्याच्या बैठकीनंतरच्या मेलमध्ये आभारांखाली काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं लिहावं. ‘नमुने आम्ही सोमवारपर्यंत पाठवतो, दर तुम्ही बुधवारी कळवणार’ असं लिहून गेलं की कुणाचा समज वेगळा असेल तर तो लगेच कळवतो.

सरकारी भरतीत मात्र हा मेल पाठवू नये. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत निवडीसाठी वशिला लावण्याचा प्रयत्न केला तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, आणि मंडळाच्या सदस्याला लिहिलेल्या साध्या आभाराचाही तसा अर्थ निघू शकतो.