काका, आज गोविंदाग्रज की कुसुमाग्रज?

27 फेब्रुवारीची सकाळ. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौथ्या मजल्यावरचे काका सात वाजताच शुभेच्छा टाकतात: ‘आज मराठी भाषा गौरव दीन! गोविंदाग्रज तथा वि. वा. शिरवाडकर यांना विनम्र अभिवादन.’ खाली फुलं, दिवा, हात जोडलेले. काही मिनिटांतच बारा जणांनी अंगठे दाखवलेले असतात. तेराव्या वाचकाला मात्र दोन ठिकाणी खडा लागतो.

पहिला खडा वेलांटीचा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. मराठीत आपण उच्चार करताना ‘दि’ लांबवतोच, त्यामुळे बोट दीर्घ वेलांटीकडे जातं. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला हा शब्द लिहिताना मात्र ऱ्हस्वच राहतो. दुसरा खडा मोठा. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. शिरवाडकर ते कुसुमाग्रज. 1919 मध्ये गडकरी गेले तेव्हा शिरवाडकर सात वर्षांचेही नव्हते. दोन्ही नावांत ‘अग्रज’ आहे, म्हणजे थोरला भाऊ, आणि घोटाळा तिथूनच होतो.

आता सांगायचं कसं? ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘काका, चूक आहे’ असं लिहिलं तर माहिती बरोबर होते, पण दिवसभर चर्चा काकांचीच होते. त्यातून कुणी लाल वर्तुळ काढलेला स्क्रीनशॉट टाकला, की काका पुढचे सहा महिने फक्त गुड मॉर्निंगचे फोटो पाठवतात.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या तिघांनी 1977 मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. बोलण्यात चूक झाली की ती ज्याची त्यानेच दुरुस्त करावी, याकडे माणसांचा कल असतो. समोरचा माणूस क्षणभर थांबतो, वाट पाहतो, आणि सांगायचंच झालं तर बहुधा प्रश्नाच्या किंवा शंकेच्या सुरात सांगतो. ‘मंगळवारी ना?’ एवढ्यावर बोलणारा स्वतःच म्हणतो, ‘हो हो, मंगळवारी.’ लिहिलेल्या मजकुरात ही थांबण्याची जागा नसते. खासगी निरोप ती जागा तयार करून देतो.

व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपमधला संदेश दाबून धरला की मिळणाऱ्या पर्यायांत ‘Reply privately’ असतो. तो निवडला की काकांचा मूळ मजकूर त्यांच्या वैयक्तिक चॅटमध्ये उत्तराच्या डोक्यावर दिसतो. कशाबद्दल बोलतोय हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण लिहिते: ‘काका, शुभेच्छा छान! पण गडकऱ्यांना शिरवाडकरांच्या खुर्चीत बसवलंत का हो? आज कुसूमाग्रज ना? आणि दिनाची वेलांटी बदलली तर तो बिचारा दीनवाणा राहणार नाही.’

या निरोपात विनोद चुकीवर आहे, काकांच्या वाचनावर नाही. ‘तुम्ही तर मराठीचे जाणकार’ अशी कोपरखळी असती, तर सगळं बिघडलं असतं. हसून डोळ्यांतून पाणी काढणारा चेहराही इथे टाळलेला बरा. तो ‘गंमत वाटली’ म्हणतो की ‘तुमची गंमत वाटली’ म्हणतो, हे पाठवणाऱ्याला कळतं, वाचणाऱ्याला कळेलच असं नाही.

घाई मात्र करावी लागते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो. 2023 मध्ये ही सोय आली. बदललेल्या संदेशाजवळ तसा शिक्का दिसतो, जुना मजकूर दिसत नाही. पण तेवढ्यात एखाद्या मावशींनी तो माहेरच्या ग्रुपवर पुढे पाठवला असेल, तर तिथे गोविंदाग्रजच राहतात. वेळ टळली असेल तर मूळ संदेश काढून नवा टाकणं किंवा खाली बरोबर नाव लिहिणं एवढंच उरतं, आणि तेही काकांनीच केलेलं शोभतं.

काही चुकांना ही मखमल चालत नाही. रक्तदात्याच्या फोन नंबरात एक आकडा चुकलाय, अंत्यविधीची वेळ चुकलीय, किंवा श्रद्धांजलीत गेलेल्या भावाऐवजी हयात भावाचं नाव पडलंय, तर लगेच सगळ्यांसमोर, विनोद न करता बरोबर तपशील लिहायचा आणि मग काकांना फोन करायचा.

दुरुस्ती करणाऱ्यासाठीही एक खोडकर नियम आहे. ऑस्ट्रेलियन संपादक जॉन बँगसंड यांनी 1992 मध्ये तो ‘मफ्रीचा नियम’ म्हणून मांडला: दुसऱ्याच्या लेखनातली चूक दाखवणाऱ्याच्या स्वतःच्या मजकुरात चूक असणारच. मर्फीच्या नावातही मुद्दाम एक चूक करून हे नाव ठेवलेलं आहे.

काकांनी नऊ मिनिटांत दोन्ही गोष्टी सुधारल्या. ग्रुपवर कुणाला पत्ता लागला नाही. मग शेजारणीच्या चॅटमध्ये त्यांचं उत्तर आलं: ‘धन्यवाद गं. आता तुझ्या कुसूमाग्रजांचा दीर्घ उकारही आखूड कर, तुझ्याकडे अजून सहा मिनिटं आहेत.’