डोळे खोल, अंग मात्र कडक!

शहापूर-मुरबाडच्या बाजारात येणारे पापलेट, सुरमई किंवा बांगडा समुद्रापासून लांबचा प्रवास करून आलेले असतात. वाटेत बर्फ लागतोच. माशाच्या वजनाइतका बर्फ वापरणे ही चांगलीच पद्धत आहे. अडचण येते ती बर्फ लपवण्यासाठी वापरला की. थंडगार माशाला वास कमी येतो आणि गोठलेले अंग बोटाला घट्ट लागते. त्यामुळे शिळा मासाही ताजा वाटतो.

म्हणून बर्फाच्या ढिगातला मासा थेट टोपलीत टाकू नये. बाहेर काढायला लावावा, बर्फ झटकून मगच वजन करावे. चारशे रुपये किलोच्या माशाबरोबर शंभर ग्रॅम बर्फ गेला, तर चाळीस रुपये पाण्याचे. थोडा वेळ थांबून पोटाजवळ बोट दाबावे. ताज्या माशाचा खड्डा लगेच भरून येतो, शिळ्याचा तसाच राहतो.

फॉर्मेलिनचा प्रकार वेगळा. हे फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण असून शवागारात मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात. माशातील प्रथिने ते एकमेकांना जखडून टाकते, त्यामुळे मांस रबरासारखे ताठ होते. पण गेलेला ताजेपणा परत येत नाही. संशय घ्यायचा तो या विसंगतीवरून: अंग कडक, पण डोळे खोल गेलेले व धुरकट, कल्ले लाल नसून फिकट किंवा तपकिरी, अंगावरचा नैसर्गिक बुळबुळीतपणा गायब. वास मासळीचा नाही, औषधासारखा उग्र. माशी बसत नाही, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. बर्फाच्या थंडीनेही माश्या दूर राहतात.

खात्री फक्त चाचणीनेच होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने त्यासाठी कागदी पट्टी तयार केली आहे. पट्टी माशावर घासून त्यावर रसायनाचे थेंब टाकले की काही मिनिटांत रंग बदलतो. पण तिथेही मेख आहे. काही माशांत फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होते, आपल्या लाडक्या बोंबलात तर विशेष. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी झाली, तेव्हा जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन आढळले. नंतर प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले. ‘मर्यादा कसली, ते घालायलाच परवानगी नाही,’ असा लोकांचा सवाल होता. अखेर गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली.

फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. धुऊन, शिजवून ते काहीसे कमी होते, पण त्यावर विसंबून संशयास्पद मासा घेऊ नये. भातसा, तानसा धरणांतले गोड्या पाण्यातले मासे जवळचे असल्याने फार टिकवावे लागत नाहीत. कल्ले मात्र त्यांचेही उघडून पाहावेत. शंका आल्यास मासा न धुता, न कापता बर्फात ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या क्रमांकावर तक्रार करता येते. विक्रेत्याचे नाव आणि खरेदीची वेळ लिहून ठेवावी.