दुसऱ्याच्या सहीवर अडलेले काम : एक वही आणि विचारणेची तारीख

आपल्या कारखान्यातील जे काम आपल्या हातात असते ते डोळ्यांसमोर पडलेले दिसते. अर्धी कापलेली पट्टी, रंग न दिलेला दरवाजा आपल्याला रोज आठवण करून देतो. परंतु जे काम आपण दुसऱ्याकडे मंजुरीसाठी दिले ते दृष्टीआड होते. नकाशा आर्किटेक्टच्या टेबलावर, अर्ज कार्यालयात, नमुना गिऱ्हाईकाच्या घरी. आपण म्हणतो, 'त्यांच्याकडून आले की सुरू करू,' आणि आठ दिवसांनी लक्षात येते की तिथे कोणी त्याला हातही लावलेला नाही. मुदत मात्र आपली गेली.

याला सोपा इलाज आहे. अशा कामांची वेगळी यादी ठेवावी आणि प्रत्येक कामापुढे पुन्हा कधी विचारायचे ती तारीख लिहावी. डेव्हिड अॅलन या अमेरिकन लेखकाने 2001 साली कामाच्या व्यवस्थेवर पुस्तक लिहिले, त्यात 'वाट पाहण्याची यादी' स्वतंत्र ठेवण्यास सांगितले आहे. आपल्याला त्यासाठी शंभर पानी वही पुरेशी आहे.

वहीत सहा रकाने आखावेत : काय अडले आहे, कोणाकडे, कधी व कसे दिले, कोणत्या दिवसापर्यंत हवे, पुढची विचारणा कधी, आणि काय उत्तर मिळाले. दुसऱ्या रकान्यात 'बँक' किंवा 'ऑफिस' असे लिहू नये. ज्याच्या हातात कागद आहे त्या माणसाचे नाव लिहावे. इमारतीला विचारता येत नाही, माणसालाच विचारता येते. पाचवा रकाना पेन्सिलने भरावा, कारण ती तारीख बदलत राहणार.

आता एक उदाहरण पाहू. एका फॅब्रिकेशनवाल्याने शाळेच्या 24 खिडक्यांच्या ग्रिलचे काम घेतले. 30 नोव्हेंबरला काम बसवून द्यायचे आहे. 1 तारखेला त्याने ग्रिलचा नकाशा आर्किटेक्टच्या हाती दिला. सही झाल्याशिवाय माल आणता येत नाही.

सही कधीपर्यंत हवी? हे उलटे मोजून काढायचे. बसवायला तीन दिवस, रंगाला तीन, कापणी व वेल्डिंगला आठ, माल आणायला दोन, असे सोळा दिवस कामाचे. कारखाना शुक्रवारी बंद असतो आणि 14, 21 व 28 तारखेला शुक्रवार येतात. म्हणजे 12 तारखेच्या सकाळी माल घ्यायला निघावेच लागेल. सही 11 तारखेच्या संध्याकाळपर्यंत हाती हवी. चौथ्या रकान्यात '11' लिहिले.

विचारणेची तारीख मात्र 11 लिहायची नाही. बरेच जण इथेच चुकतात. शेवटच्या दिवशी विचारले आणि 'झाले नाही' असे उत्तर आले तर करण्यासारखे काही उरत नाही. आर्किटेक्ट 'चार दिवसांत पाहतो' म्हणाले होते, म्हणून विचारणा 5 तारखेला. त्या दिवशी अडचण कळली तरी सहा दिवस हातात राहतात.

5 तारखेला कारागीर गेला आणि म्हणाला, "साहेब, 1 तारखेला दिलेल्या नकाशावर 11 पर्यंत सही मिळाली तर 30 ला काम उभे राहील. काही अडले आहे का?" असे विचारण्यात तगादा वाटत नाही. कागद कोणता, तारीख कोणती आणि का, हे समोरच्याला एका वाक्यात समजते. उत्तर आले, "अहो, बारची जाडी कुठे लिहिली आहे? वजन धरल्याशिवाय दर कसा तपासू?"

म्हणजे चार दिवस आपण ज्यांची वाट पाहत होतो तेच आपली वाट पाहत होते. असे वारंवार घडते. म्हणून वहीत ओळ लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे की पुढचे पाऊल खरोखर त्यांचे आहे की माझे. दोन विचारणांना तेच ते मोघम उत्तर मिळाले तर समजावे की काही कमी आहे, आणि सरळ विचारावे, 'माझ्याकडून काय राहिले?'

त्याच संध्याकाळी त्याने 12 मिलिमीटर चौकोनी बार आणि एका ग्रिलचे वजन लिहून नकाशा परत दिला. वहीत '5 तारखेला पुन्हा दिला, पुढची विचारणा 8' अशी दुरुस्ती केली. 8 तारखेला सही मिळाली. पण साहेब म्हणाले, रंग कोणता ते शाळेचे चेअरमन ठरवतील.

आता जुनी ओळ खोडायची आणि नवी लिहायची, कारण माणूस बदलला. रंगासाठी काम थांबवायचे का? नाही. वेल्डिंग 23 ला संपते, 24 ला रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आहे आणि तो कोणत्याही रंगाखाली चालतो. वरचा रंग 25 च्या सकाळी लागेल. म्हणून चेअरमनसाहेबांपुढे शेवटचा दिवस 24 आणि विचारणा 17. मंजुरी एकच दिसत असली तरी तिचे असे तुकडे पाडून पाहावेत. प्रत्येक तुकडा वेगळ्या दिवशी लागतो.

वही वापरण्याची रीतही सोपी आहे. रोज सकाळी दुकान उघडल्यावर फक्त पाचवा रकाना पाहावा आणि आजची तारीख असेल तेवढ्यांनाच विचारावे. आठवड्यातून एकदा सगळी यादी वाचावी. जिच्यापुढे तारीख नाही अशी एकही ओळ ठेवू नये. अशा ओळीकडे दुसऱ्यांदा कोणी पाहत नाही. उत्तर 'बघतो' असे आले तर तेच शब्द लिहावेत आणि नवी तारीख त्यांच्याकडूनच घ्यावी. तोंडी 'हो' आले तर नकाशावर सही घ्यावी, निदान व्हॉट्सअॅपवर लेखी उत्तर मागावे. पुढे माप किंवा रंग यावरून वाद झाला तर तेच कामाला येते.

सरकारी अर्जाच्या बाबतीत तारीख अंदाजाने लिहायची गरज नाही. महाराष्ट्रात 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. अर्जाच्या पोचपावतीवर क्रमांक व मुदत मागून घ्यावी आणि दोन्ही वहीत उतरवावेत. मुदत संपूनही सेवा मिळाली नाही तर 30 दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. त्या 30 दिवसांची शेवटची तारीखही वहीत हवी, नाही तर हक्क असूनही वेळ निघून जाते.

ही वही कोणाकडून जबरदस्तीने सही करून घेऊ शकत नाही. 11 तारीख उलटली आणि सही नाही, असेही होईल. मग त्याच दिवशी लेखी कळवावे : 'सही ज्या दिवशी मिळेल त्या दिवसापासून सोळा कामाचे दिवस लागतील.' सोबत नकाशा कधी दिला आणि कोणत्या तारखांना विचारले ते वहीतून उतरवावे. 30 तारखेला उशीर का झाला असा सवाल आला तर त्याचे उत्तर आधीच त्यांच्या फाइलमध्ये असेल.